प्रस्तावना : रोजचा चढउतार, वर्षाचा अंदाज आणि वर्गमूळ

एप्रिल-मे महिन्यांत शिरूर आणि दौंड तालुक्यांतला उन्हाळी कांदा काढून झाला की प्रत्येक घरात एकच हिशोब चालतो. आजच्या भावाने माल केडगावच्या किंवा शिरूरच्या बाजारात घालायचा, की चाळीत, बराखीत भरून सप्टेंबरपर्यंत थांबायचे? थांबण्यात सड आहे, वजनाची घट आहे. ती अनुभवी शेतकरी बऱ्यापैकी अचूक सांगतो. सांगता येत नाही ती भावाची गोष्ट. पाच महिन्यांत भाव वरखाली किती होऊ शकतो, हा प्रश्न शेतकऱ्याला पडतो, तसाच माल घेऊन ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला, शेतकरी उत्पादक कंपनीच्या हिशोबनिसाला आणि मालावर कर्ज देणाऱ्या बँकेलाही पडतो.

या प्रश्नाला हल्ली एक तयार उत्तर मिळते. रोजच्या भावांचा तक्ता घ्यायचा, रोजच्या टक्केवारीतल्या बदलाचे प्रमाण विचलन काढायचे आणि त्याला २५२ च्या वर्गमुळाने गुणायचे. आलेला आकडा म्हणजे ‘वार्षिक अस्थिरता’. शेअर बाजारात हा रिवाज इतका रुळला आहे, की वाणिज्य शाखेचा विद्यार्थी इंचाचे सेंटिमीटर करावेत तितक्या सहजपणे रोजचा आकडा वर्षाचा करून टाकतो. या पुस्तिकेचा सगळा रोख या सहजपणावर आहे. वर्गमुळाने गुणणे हे एककांचे रूपांतर नव्हे. तो भावाच्या वागण्याविषयी केलेला दावा आहे, आणि तो आपल्या बाजारात खरा आहे की नाही हे तपासल्याशिवाय मिळालेला वार्षिक आकडा कोऱ्या कागदाइतकाच उपयोगाचा.

वर्गमूळ मुळात येते कुठून, हे आधी पाहू. जुल रेन्यो नावाचा, पॅरिसमधल्या एका शेअर दलालाचा सहायक १८६३ साली शेअर बाजारावर पुस्तक लिहून गेला. भावाचे विचलन काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, हे त्याने त्यात मांडले. लुई बाशलिए याने १९०० सालच्या आपल्या प्रबंधात त्याला गणिताचा पाया दिला. कल्पना साधी आहे. आजचा बदल आणि उद्याचा बदल यांचा एकमेकांशी संबंध नसेल, तर दोन दिवसांच्या एकूण बदलाचे प्रचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, हे दोन्ही दिवसांच्या प्रचरणांची बेरीज असते. बेरीज वर्गांची होते, विचलनांची होत नाही. रोजचे विचलन ४ टक्के असेल तर त्याचा वर्ग १६. दोन दिवसांचा ३२. आणि ३२ चे वर्गमूळ सुमारे ५.७. काही दिवस वर जातात, काही खाली येतात, म्हणून दोन दिवसांत चढउतार दुप्पट न होता दीडपटीच्या अलीकडे राहतो. हेच १०० दिवस चालू ठेवले तर वर्ग १६०० होतो आणि विचलन ४० टक्के. म्हणजे शंभर पट काळात दहापट चढउतार.

या मांडणीला लागणाऱ्या अटी दोनच आहेत. एक, दिवसादिवसांचे बदल एकमेकांशी असंबद्ध हवेत. दोन, प्रत्येक दिवसाचे प्रचरण सारखे हवे. बदलांची वाटणी घंटेच्या आकाराचीच हवी, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नाही. प्रचरण मर्यादित असेल तर कसल्याही आकाराच्या वाटणीला वर्गमुळाचा नियम लागू होतो. घंटेचा आकार लागतो तो पुढच्या पायरीला, ‘विचलनाच्या दुपटीबाहेर भाव वीस वेळांतून एकदाच जाईल’ असे म्हणताना. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की चूक कुठे आहे तेच सापडत नाही.

आता तक्ता मांडू. बाजार समितीच्या नोंदीत प्रत्येक दिवसाचे तीन भाव असतात : किमान, कमाल आणि सर्वसाधारण. केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेटवरही हेच तीन आकडे जातात. आपण सर्वसाधारण दर घेतो. समजा तो `B` या स्तंभात क्विंटलमागे रुपयांत लिहिला आहे, आणि वर्षभरात १५१ लिलावांचे भाव आहेत. तर बदल आणि वार्षिक आकडा असा निघतो :

```
C3:  =LN(B3/B2)
E1:  =STDEV.S(C3:C152)
E2:  =E1*SQRT(150)
```

साध्या टक्केवारीऐवजी इथे लॉगॅरिथम वापरला आहे, कारण लॉगॅरिथमचे बदल सरळ बेरजेत मिळतात. भाव १५०० वरून १२०० वर येऊन पुन्हा १५०० झाला, तर साध्या टक्केवारीत २० टक्के उतार आणि २५ टक्के चढ दिसतो. लॉगॅरिथममध्ये दोन्ही आकडे सारखेच, पण उलट्या चिन्हांचे येतात आणि बेरीज शून्य होते. वर्गमुळाचा नियम बेरजेवर उभा आहे, म्हणून ही काळजी.

शेवटच्या ओळीतला १५० हा आकडा वाचकाला खटकला असेल. २५२ हा अमेरिकेच्या शेअर बाजारातल्या कामकाजाच्या दिवसांचा आकडा आहे. आपल्याकडचे शेअर बाजार वर्षाला २५० च्या आतबाहेर दिवस चालतात. कांद्याचा लिलाव तेवढे दिवसही होत नाही. गावागणिक त्याचे वार ठरलेले असतात. आठवड्यातून तीनदा लिलाव होत असेल तर वर्षाला दीडशेच्या आसपास भाव मिळतात, आणि गुणायचे ते त्या संख्येच्या वर्गमुळाने. घोटाळा होतो तो तक्ता भरताना. मधल्या सुट्टीच्या दिवशी कारकुनाने किंवा संगणकाने आदल्या दिवसाचाच भाव ओढून खाली आणला, की बदलांच्या स्तंभात शून्यांची रांग लागते. त्यामुळे रोजचे विचलन कमी दिसते, दिवसांची संख्या वाढते, आणि दोन चुका एकमेकींना झाकतात. आकडा बरोबर आल्यासारखा वाटतो. स्तंभात शून्ये किती आहेत हे मोजणे ही पहिली तपासणी.

दिवस मोजण्याचा हा प्रश्न फक्त गावच्या बाजारातला नाही. राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, रोज प्रत्येक शेअरच्या अस्थिरतेची फाइल प्रसिद्ध करतो. तीत वार्षिक आकडा काढताना रोजच्या अस्थिरतेला `Sqrt(365)` ने गुणलेले असते. रोजची अस्थिरता १.२ टक्के असेल तर या रीतीने वर्षाची सुमारे २२.९ टक्के येते. तीच २५० दिवसांनी काढली तर १९ टक्के. शेअर तोच, दिवस तेच, आणि फरक जवळजवळ चार टक्क्यांचा. ३६५ घेणे म्हणजे शनिवार-रविवारीही भाव तितकाच हलतो असे धरणे. केनेथ फ्रेंच आणि रिचर्ड रोल यांनी १९८६ साली अमेरिकी शेअरांवर दाखवून दिले, की बाजार बंद असताना भाव त्या मानाने फारच कमी हलतात. म्हणून दोन वार्षिक आकड्यांची तुलना करण्याआधी ते कितीच्या वर्गमुळाने गुणले आहेत, एवढे विचारणे भाग आहे.

दिवसांची संख्या नीट केली तरी मुख्य अडचण पुढेच आहे. कांद्याच्या सर्वसाधारण दरात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, खऱ्या बाजारभावातला बदल : मागणी वाढली, आवक घटली, दुसऱ्या राज्यातला माल कमी आला. दुसरी, त्या दिवशी कोणता माल आला याचा परिणाम. एका लिलावाला मोठा, वाळलेला गोळा कांदा जास्त आला की दर वर दिसतो. पुढच्या लिलावाला पावसात भिजलेला माल, गोल्टी आणि बदला जास्त आला की तोच दर खाली दिसतो. प्रत्यक्षात एकाच प्रतीच्या कांद्याचा भाव जागचा हललेला नसतो. हा दुसरा भाग म्हणजे गोंगाट. त्याचा स्वभाव असा, की आज तो वर गेला तर पुढच्या वेळी खाली येतो. म्हणजे लागोपाठच्या दोन बदलांत उलटा संबंध तयार होतो, आणि आपली पहिली अट मोडते.

किती मोडते, हे आकड्यांत पाहू. आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण हिशोब पूर्ण आहे. समजा नोंदीतल्या बदलाचे विचलन दर लिलावाला ४ टक्के आहे, म्हणजे वर्ग १६. त्यातला खऱ्या भावाचा वाटा ३.२ आहे. उरलेले १२.८ गोंगाटाचे, ते दोन भागांत येतात, कारण प्रत्येक बदलात आजचा गोंगाट मिळवलेला आणि मागच्या लिलावाचा वजा झालेला असतो. म्हणजे एका लिलावाच्या गोंगाटाचा वर्ग ६.४. अशा तक्त्यात लागोपाठच्या बदलांतला सहसंबंध उणे ६.४ भागिले १६, म्हणजे उणे ०.४ येतो.

आता १०० लिलावांचा एकूण बदल घ्या. खऱ्या भावाचा वाटा साठत जातो : ३.२ गुणिले १००, म्हणजे ३२०. गोंगाट मात्र साठत नाही. शंभर लिलावांच्या मधला सगळा गोंगाट एकमेकांत वजा होऊन जातो. उरतो फक्त पहिल्या आणि शेवटच्या लिलावाचा, म्हणजे १२.८. बेरीज ३३२.८ आणि वर्गमूळ सुमारे १८.२ टक्के. वर्गमुळाच्या नियमाने आपण ४० टक्के सांगितले होते. दुपटीहून जास्त. ज्या हिशोबनिसाने ४० टक्के धरून माल ठेवायचा नाही असे ठरवले, त्याने मालाच्या प्रतवारीतला फरक भावाची जोखीम म्हणून मोजला.

हे ओळखायचे कसे? त्यासाठी कुठलेही जड गणित लागत नाही. लागोपाठच्या बदलांचा सहसंबंध पाहता येतो, पण त्याहून खात्रीची रीत म्हणजे वेगवेगळ्या लांबीच्या काळांचे विचलन प्रत्यक्ष मोजायचे. अँड्र्यू लो आणि क्रेग मॅकिन्ले यांनी १९८८ साली हीच तुलना शेअरांच्या भावांवर पद्धतशीर करून दाखवली. पाच लिलावांच्या बदलाचे प्रचरण घ्या आणि त्याला एका लिलावाच्या प्रचरणाच्या पाचपटीने भागा. उत्तर एकाच्या आसपास असेल तर नियम चालतो. एकाहून बरेच कमी असेल तर भाव मागे फिरतो आहे, आणि रोजच्या आकड्यावरून काढलेला वार्षिक आकडा फुगलेला आहे. एकाहून जास्त असेल तर भाव एका दिशेला चालतो आहे, आणि वार्षिक आकडा तोकडा आहे.

वरच्या उदाहरणात हे गुणोत्तर ०.३६ येते. पाच लिलावांचे खरे विचलन ५.४ टक्के असते, तर नियम ८.९ सांगतो. आता शंभर लिलावांचा अंदाज रोजच्या आकड्याऐवजी या ५.४ वरून काढला, म्हणजे २० च्या वर्गमुळाने गुणला, तर उत्तर २४ टक्के येते. वीस लिलावांच्या बदलावरून काढला तर १९.६ टक्के. खरे उत्तर १८.२ होते. सुरुवातीचा टप्पा जितका लांब, तितकी उडी लहान आणि चूकही लहान. अर्थात याची किंमत आहे : टप्पा लांबवला की नमुने कमी पडतात. महिन्याचे बदल घेतले तर तीन वर्षांत छत्तीसच मिळतात, आणि तेवढ्यावरून काढलेल्या विचलनात आठव्या भागाइतकी चूक सहज असू शकते. दुपटीची चूक टाळण्यासाठी आठव्या भागाची पत्करणे, हा सौदा बहुतेक वेळा फायद्याचा असतो.

टप्पा लांबवताना एक पथ्य पाळायचे. महिन्याचा भाव म्हणून महिन्याची सरासरी घेऊ नये. महिन्याच्या शेवटच्या लिलावाचा भाव घ्यावा. होलब्रुक वर्किंग या अर्थशास्त्रज्ञाने १९६० साली दाखवले, की पूर्णपणे असंबद्ध बदलांची मालिका असली तरी तिच्या सरासऱ्यांमधले बदल एकमेकांशी जोडलेले निघतात, सहसंबंध ०.२५ पर्यंत जातो, आणि प्रचरण सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसते. म्हणजे सरासरीचा तक्ता बाजार आहे त्याहून शांत भासवतो. सरकारी अहवालांत आणि वर्तमानपत्रांत बहुधा सरासऱ्याच छापलेल्या असतात.

इथवर नियम जास्तीचे सांगत होता. आता तो कमी सांगतो ती बाजू. उन्हाळी कांदा साठवणुकीचा आहे. जून ते सप्टेंबर चाळीतला साठा उतरत जातो, सड वाढते, आणि नवा खरीप कांदा बाजारात येईपर्यंत भावाचा कल अनेक वर्षी वरचा असतो. हा कल दर लिलावाला ०.२ टक्के एवढा बारीक असेल तर ४ टक्क्यांच्या रोजच्या हालचालीत तो डोळ्यांना दिसणारही नाही. पण कल लिलावांच्या संख्येने वाढतो आणि चढउतार तिच्या वर्गमुळाने. शंभर लिलावांत तो २० टक्के होतो, आपल्या १८.२ पेक्षा मोठा. रोजच्या तक्त्यात क्षुल्लक असलेली गोष्ट शंभर लिलावांच्या हिशोबात मुख्य होऊन बसते. आणि वर्षभराचा हिशोब केला तर तीच नाहीशी होते, कारण पुढच्या एप्रिलात नवा उन्हाळी कांदा येतो आणि भाव पुन्हा हंगामाच्या पायथ्याशी येतो. एकच तक्ता आठवड्याला, पाच महिन्यांना आणि वर्षाला तीन वेगळी उत्तरे देतो. एका वर्गमुळाने ती तिन्ही जोडता येत नाहीत.

शेवटची अडचण धोरणाची. २९ सप्टेंबर २०१९, १४ सप्टेंबर २०२० आणि ८ डिसेंबर २०२३ अशा तीन तारखांना केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. त्यातल्या शेवटच्या बंदीच्या आधी, १९ ऑगस्ट २०२३ रोजी, निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले होते. म्हणजे उन्हाळी कांदा चाळीत असताना. असा निर्णय आला की पुढच्या लिलावात भाव एकदम तुटतो. समजा शंभर लिलावांत नव्याण्णव वेळा विचलन ४ टक्क्यांचे आणि एकदा २० टक्क्यांची घसरण. त्या घसरणीने प्रमाण विचलन ४ वरून ४.४५ होते, बस्स. तक्ता पाहणाऱ्याला बाजार किंचित जास्त हलता वाटतो. घंटेच्या आकाराने मोजले तर विचलनाच्या साडेचारपट घसरण कित्येक पिढ्यांत एकदाही व्हायला नको. आणि ज्या नमुन्यात असा दिवस आलाच नाही, त्यात ही जोखीम शून्य दिसते. अशा घटनांना वर्गमुळात कोंबू नये. त्यांचा हिशोब वेगळ्या ओळीत करावा : निर्यात बंद झाली आणि भाव अमुक टक्के तुटला, तर माझे कर्ज फिटते का?

उलट दिशेची चूकही इथूनच होते. बंदीनंतरच्या खळबळीच्या पंधरवड्यातले विचलन घेऊन ते वर्षाचे केले, तर तो पंधरवडा वर्षभर चालेल असे आपण गृहीत धरतो. खळबळ शमते, शांतताही मोडते. फ्रान्सिस डीबोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली याच मुद्द्यावर बोट ठेवले : रोजची अस्थिरता वाढत-घटत असेल तर वर्गमुळाचा गुणाकार ते चढउतार मोठे करून वर्षाच्या आकड्यात उतरवतो, लांब काळाची खरी अस्थिरता मात्र त्या मानाने स्थिर असते. सरासरीने आकडा बरोबर येऊ शकतो, पण त्या त्या दिवशी तो जवळजवळ नेहमीच एका बाजूला चुकलेला असतो.

मग नियम टाकून द्यायचा का? नाही. रांजणगावच्या एखाद्या कारखान्यातला कामगार ज्या मोठ्या, रोज भरपूर उलाढाल होणाऱ्या शेअरांत पैसे घालतो, त्यांच्या बाबतीत लागोपाठच्या दिवसांतला संबंध अगदी थोडा असतो, आणि काही आठवड्यांपर्यंत नियम पुष्कळ चांगला चालतो. जिथे भाव क्वचित निघतो, मिसळीच्या मालाचा असतो, हंगामाला बांधलेला असतो किंवा एका आदेशाने बदलतो, तिथे तो चालत नाही. कांद्याच्या बाजारात ही चारही कारणे एकत्र आहेत.

पुढच्या प्रकरणांत याच क्रमाने जायचे आहे : आधी भावांचा तक्ता साफ करणे, मग एक, पाच आणि वीस लिलावांचे विचलन शेजारी शेजारी मांडणे, मग हंगामाचा कल वेगळा काढणे, आणि शेवटी धोरणाचा धक्का स्वतंत्र धरणे. वाचकांना विनंती एवढीच, की हा मजकूर हातात वही किंवा समोर संगणक घेऊन, आपल्या स्वतःच्या बाजार समितीच्या भावांवर पडताळावा. आणि कोणालाही अस्थिरतेचा आकडा देताना त्याच्याशेजारी तीन गोष्टी लिहाव्यात : तो कोणत्या भावावरून काढला, किती लिलावांच्या बदलावरून काढला, आणि पुढे कितीच्या वर्गमुळाने गुणला. या तिन्ही लिहिलेल्या नसतील, तर त्या आकड्यावर माल ठेवू नये आणि कर्जही देऊ नये.